परक्या बाईला कोण रागावतं

आबा मला "बसा ना" म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं.

बसा ना म्हणजे काय? मी काय झंपर शिवायला आलेली गिऱ्हाईक आहे? यांची सख्खी नात मी, यांच्या मशीनच्या खडखडाटात झोपून मोठी झालेली. उभ्या जन्मात या माणसाने मला कधी "बस" असंसुद्धा सरळ म्हटलं नव्हतं. "बूड टेक की जरा, भिंगरी बांधलीय का पायाला," असं म्हणायचे. आणि आता हात पुढे करून, हसून, खुर्चीवरचं कापड बाजूला सारून म्हणतात, बसा ना. वर सुनेला हाक मारतात, "सूनबाई, पाहुण्या आल्यात, चहा टाका."

सूनबाई म्हणजे माझी आई. आईने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिला हे आधीच माहीत असणार. मला सांगायचा धीर झाला नसेल.

माझे बाबा मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं ते आईने आणि आबांनी. खाली रस्त्यालगत आबांचं शिलाईचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. दुकानात दोन मशीन, एक लांबलचक कापायचं टेबल, भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांवर अर्धवट शिवलेले कपडे. मी शाळेतून आले की दप्तर टाकून थेट टेबलाशी. तिथे दिवसभर आबा मला बोलायचे. माझं नाव त्यांनी कधी घेतल्याचं आठवतच नाही. कितीतरी गिऱ्हाइकांना वाटायचं, या पोरीचं नावच कार्टी आहे.

आणि हे बोलणं म्हणजे तोंडाला येईल ते नव्हतं, बरं का. त्याला पद्धत होती. "कार्टी" हा रोजचा शब्द, त्याला कारण लागायचं नाही. बटणांच्या डब्यातली चमकणारी बटणं मी खिशात घातली की "चोट्टी". घातली आणि वर साळसूद चेहरा करून उभी राहिले की "लबाड". मोठी माणसं बोलत असताना मध्ये नाक खुपसलं की "आगाऊ". नको तिथे हात घातला, मशीनचं चाक उलटं फिरवून दोऱ्याचा गुंता केला, की "उपद्व्यापी". सांगूनही ऐकलं नाही तर "द्वाड". बाही उलटी जोडली की "गाढवा". मुलगी असले तरी गाढवाच, त्यात भेद नव्हता. आणि सगळ्यांच्या वर एक शब्द होता, "इब्लिस". तो वर्षाकाठी एखाद्या वेळेला निघायचा, खरंच काहीतरी मोठं घडलं तर.

"नतद्रष्ट" मात्र त्यांनी मला कधी म्हटलं नाही. तो शब्द लाडाचा नव्हता. तो अन्न फेकणाऱ्याला, नवं कापड मुद्दाम नासणाऱ्याला. लाडाचे कुठले आणि रागाचे कुठले, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि न सांगता मलाही. खरा राग आला की ते गप्प बसायचे. तोंड चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, एवढं मला कळायचं. "लबाड" म्हणताना तर त्यांची सुई थांबायची आणि ते चष्म्यावरून बघायचे. मी कितीतरी वेळा केवळ त्यासाठी बटणं चोरली आहेत.

आता हे शब्द कोणी वापरत नाही. माझी लेक आठ वर्षांची आहे. परवा तिने माझा फोन उशीखाली लपवला, तेव्हा माझ्या तोंडून सहज गेलं, "द्वाड आहेस अगदी." ती पोट धरधरून हसली. "द्वाड! आई, पुन्हा म्हण ना. कसला फनी शब्द आहे." दुसऱ्या दिवशी तिने तो मैत्रिणींना सांगितला आणि त्या सगळ्या एकमेकींना द्वाड म्हणून खिदळत होत्या. जुन्या पेटीतून टोपी काढून डोक्यावर घालून बघावी, तसं चाललं होतं त्यांचं. मला हसूही आलं आणि कुठेतरी टोचलंही.

शाळेच्या पालकसभेत बाई म्हणाल्या, मुलांना निगेटिव्ह शब्द वापरू नका, मुलं वाईट नसतात, त्यांचं वागणं चुकतं, तेवढंच सांगा. बरोबरच आहे त्यांचं. मीही घरी तसंच बोलते. "बेटा, हे मला आवडलं नाही." पण असं बोलायला कोणीही चालतं, बाई चालतात, रिक्षावाला चालतो, शेजारीण चालते. "चोट्टी" म्हणायला आपलंच माणूस लागतं, दिवसभर एका जागी बसलेलं, आणि हाताच्या अंतरावर खोड्या करणारं पोर लागतं. बाजारात कोणी कोणाला लुच्चा म्हटलं असतं तर तेव्हा मारामारी झाली असती. घरात तोच शब्द यायचा तो दात पाडून यायचा. आता बाजारातल्या शिव्या इतक्या पुढे गेल्यात की लुच्चा ऐकून कोणी मान वळवत नाही. आणि घरातली ती दिवसभर बसलेली माणसंही राहिली नाहीत. मग शब्द कोणाच्या तोंडात राहणार?

माझ्याकडे एकच माणूस उरला होता आणि तो मला "बसा ना" म्हणत होता.

डॉक्टरांकडे मी आईबरोबर गेले. ते भले गृहस्थ आहेत, घाई करत नाहीत. म्हणाले, या आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं, जुनं उशिरा. रीतभात बराच काळ टिकते, म्हणून ते पाहुण्यांशी इतकं छान बोलतात. मी विचारलं, पुढे काय? म्हणाले, हळूहळू शब्द सापडेनासे होतील, बोलणं कमी होईल, आणि एक दिवस बोलणं थांबेल. किती दिवस ते सांगता येणार नाही. तोवर त्यांच्याजवळ बसा, ओळखीच्या वस्तू हाताशी ठेवा.

झालं. मी तिथेच ठरवलं. हे तोंड बंद होण्याआधी मला त्यातून एक शब्द हवा होता. लाडाचं "बाळ" नको, आशीर्वाद नको. "लबाड" हवं होतं, माझ्या तोंडाकडे बघून म्हटलेलं. बाकी मला काही नको होतं. आणि तो शब्द मागून मिळत नाही. कोणाला "मला रागवा हो" म्हणता येतं का? तो कमवावा लागतो, खोडी करून.

मग मी, एका कंपनीत चार माणसांवर हुकूम सोडणारी बाई, रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट आईकडे जायला लागले आणि आबांच्या खोड्या काढायला लागले.

दुकान बंद झालं तरी आईने त्यांचं टेबल आणि एक मशीन वर आणून ठेवलं होतं. ते तिथेच बसायचे. कापडाचे तुकडे सरळ करायचे, घड्या घालायचे, टेप गळ्यात. मी बटणांचा डबा उघडला आणि त्यांच्या देखत मूठभर बटणं पर्समध्ये टाकली. त्यांनी पाहिलं. ते म्हणाले, "न्या हो, न्या. जोडीची बघून न्या म्हणजे झालं." आणि डब्यात बोट फिरवून एका बटणाला जोडीदार शोधून दिला.

दुसऱ्या दिवशी मशीनचं चाक उलटं फिरवलं. दोऱ्याचा हा एवढा गुंता झाला. आबा उठून आले, माझा हात अलगद बाजूला केला आणि म्हणाले, "असू द्या, होतं असं. सवय नसली की होतं." गुंता सोडवत बसले. त्यांची बोटं अजून पूर्वीसारखीच चालत होती. मला त्या बोटांचा राग आला. बोटांना सगळं आठवतंय आणि मी तेवढी आठवत नाही.

मग मी वाद घातला. आईशी ते काही बोलत असताना मी मध्येच म्हणाले, "तुम्हाला काय कळतंय, आबा." पूर्वी यावर "आगाऊ कार्टे" ठरलेलं. आबा ओशाळले. "खरं आहे तुमचं," म्हणाले, "वय झालं आता." टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

जाताना आईने मला जिन्यात गाठलं.

"काय चालवलंयस हे?" ती म्हणाली. "म्हातारा माणूस आहे. तू गेलीस की मला विचारतात, त्या बाई का रागावल्यात, कापड खराब झालं का त्यांचं. रात्री जेवत नाहीत धड."

"मला ओळखत नाहीत ते, आई. तुला ओळखतात."

"म्हणून छळायचं?"

"छळत नाहीये. मला फक्त एकदा त्यांनी..." चाळिशीच्या बाईने जिन्यात उभं राहून आईला सांगायचं की मला आजोबांनी लबाड म्हणायला हवंय.

पण आईला कळलं. तिने पदराने हात पुसले आणि कठड्याला टेकून उभी राहिली.

"तुला ते बोलायचे ना," ती म्हणाली, "तेव्हा मी आत भाकरी थापत ऐकायची. मला या घरात येऊन इतकी वर्षं झाली. हातून दूध उतू गेलं, इस्त्रीने गिऱ्हाइकाचा शर्ट जाळला, किल्ली हरवली. कधी शब्द नाही. नेहमी सूनबाई, असू दे सूनबाई. लोक म्हणायचे, नशीब काढलंस, सासरा देवमाणूस मिळाला. आहेतच देवमाणूस. पण एकदा गाढवा म्हणाले असते ना मला, तर बरं वाटलं असतं गं. तुझे बाबा गेले त्या वर्षी तर फार वाटायचं."

इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या घरात बोलणी फक्त मी खाते, आई सुटते.

"तुला पोटभर मिळालंय," आई म्हणाली. "आता त्यांना सुखानं राहू दे."

मी हो म्हणाले. खरंच म्हणाले, मनापासून. आठवडाभर मी शहाण्यासारखी वागले. जायची, बसायची, "चहा घ्या", "घेते", असं चालायचं. हवापाण्याच्या गप्पा मारायचो आम्ही. आबांचं बोलणं उतरत चाललेलं दिसत होतं. कात्रीला "ते, कापायचं" म्हणायला लागले. इस्त्रीला नुसता हात दाखवायचे. रविवारी दुपारी ते दोरा हातात धरून म्हणाले, "याला काय... हे..." आणि थांबले. शिंप्याला दोऱ्याचं नाव आठवत नाही. मला भरून आलं आणि लगेच संताप आला, कोणाचा ते कळेना. आई वाण्याकडे सामान आणायला गेली होती. टेबलावर कात्री होती, ती मोठी, काळ्या मुठीची, फक्त कापडाची. शेजारी कालचं वर्तमानपत्र.

ज्यांच्या घरात शिवणकाम नाही त्यांना हे कळणार नाही. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नसतो. कागदाने पातं बोथट होतं, मग ते कापडाला चावतं, कडेचे धागे ओढतं. लहानपणी मी एकदाच तो गुन्हा केला होता, पतंगासाठी, आणि "इब्लिस" हा शब्द पहिल्यांदा तेव्हा ऐकला होता. मी कात्री उचलली आणि वर्तमानपत्र मधोमध कापायला सुरुवात केली.

त्या आवाजाने आबांची मान झटकन वर आली. कागदाचा आवाज कोरडा असतो, करकरीत. चेहरा लाल झाला. उठले, खुर्ची मागे सरकली, आणि त्यांनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली. ओढूनच घेतली. पातं उजेडात धरलं, अंगठ्याच्या पेराने धार चाचपली, चिंधीचा तुकडा घेऊन टोकापर्यंत कापून पाहिला. टोकाशी कापड अडलं.

"कार्टी," आबा म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"इब्लिस कार्टी आहे नुसती. हजारदा सांगितलं, कागदाला लावू नको, कागदाला लावू नको. द्वाड. ऐकेल तर शपथ." इतके दिवस एकेका शब्दाला अडखळणारा माणूस घडाघडा बोलत होता. "बटणं चोरते, चोट्टी. दोऱ्यांचा गुंता करते. आणि वर अशी उभी राहते की जणू त्या गावचीच नाही. लबाड."

जवळजवळ सगळे आले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. कात्रीकडे बघत होते. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि एकदम आवाज उतरवला.

"माफ करा हं," ते म्हणाले. "तुमच्यासमोर मी असं... माझी नात आहे. एवढीशी आहे, पण उपद्व्यापी."

"आबा, मीच कापलं," मी म्हणाले. "कागद मी कापला. मीच ती."

ते हसले. अगदी समजूतदारपणे हसले.

"तुम्ही कशाला तिचा गुन्हा अंगावर घेताय? सगळे असेच करतात. तिची आई पण. पाठीशी घालतात आणि ती शेफारते." त्यांनी कात्री टेबलाच्या खणात ठेवली. मग काहीतरी आठवून पुन्हा वळले. "पण तुम्ही तिला काही बोलू नका बरं का. बाप नाही तिला. परक्या माणसाचा शब्द तिला फार लागतो. मी बोलतो ते निराळं."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

"रडते मग. दाखवत नाही, पण रडते."

मी रडत होते. त्यांना ते दिसलं आणि ते गोंधळले. त्यांनी टेबलावरची एक स्वच्छ चिंधी उचलून मला दिली, कडा आत दुमडून, जसं ते गिऱ्हाइकाला नमुना दाखवताना द्यायचे. मी डोळे पुसले. विचारलं, "कुठे आहे ती?"

"असेल इथेच. टेबलाखाली नाहीतर त्या कपड्यांच्या मागे. मी रागावणार हे कळलंय तिला." आबांनी आवाज आणखी लहान केला, टेबलाखालच्या कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "तुम्ही आता या. राग मानू नका. नवं माणूस असलं की ती बाहेर येत नाही, लाजते. भूक लागली असेल तिला."

मी उठले. पर्स घेतली. "येते," म्हणाले. "या हं," ते म्हणाले आणि दारापर्यंत सोडायला आले, गिऱ्हाइकाला येतात तसे. दार ओढून घेतलं.

मी जिन्यात उभी राहिले. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग गुडघे टेकताना ते कण्हतात तसं कण्हणं. खाली वाकून बघत असणार.

"ये बाहेर," आबा म्हणाले. "गेल्या त्या बाई."

मग थोडं थांबून, अगदी हळू, "ये गं लबाडे. नाही रागावत."

मला हवं होतं ते हेच. त्याच आवाजात, तसंच. मी दार ढकललं आणि आत गेले. "ओ आबा," म्हणाले. "आले."

ते टेबलापाशी ओणवे होते, एक हात जमिनीवर. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टेबलाला धरून कसेबसे उभे राहिले, गळ्यातला टेप नीट केला आणि हसले.

"या," आबा म्हणाले. "काही राहिलं का तुमचं?"